दोनशे बारा पानांचं एक पान

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी ती घरी आली. हातात स्पायरल बाइंडिंग केलेला प्रबंध, चार पेपरांच्या प्रिंट आणि एक ए-फोर कागद. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. जाहिरातीत रिसर्च स्टेटमेंटसाठी एकच पान मागितलं होतं, म्हणून तिने अक्षरं नऊ पॉइंटांवर आणली होती, समास अर्ध्या इंचाचा केला होता, परिच्छेदांमधली मोकळी जागा काढून टाकली होती, आणि तरीही सहा ओळी मागच्या बाजूला सांडल्या होत्या. "सर, आता यातलं काय काढू?" तिने विचारलं. कागद वाचल्यावर मला वाटलं, काढायचं काय ते नंतर पाहू, मुळात यात जे असायला हवं तेच आलेलं नाही.

तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण गोष्ट तीच आहे. दख्खनच्या बेसाल्टमधलं भूजल हा तिचा विषय. पीएच.डी. झाली, दोन वर्षं पोस्ट-डॉक झाली, आणि आता केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या एका संस्थेतल्या भूविज्ञान विभागात असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी ती अर्ज करत होती. मी तिचा गाइड नव्हे. पण अशा अर्जांच्या छाननीला मी बरीच वर्षं बसलो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय घडतं ते मला माहीत आहे.

हा कागद सगळीकडे मागत नाहीत. आपल्याकडच्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत प्राध्यापकाची निवड बरीचशी गुणांच्या तक्त्यावर चालते: पदव्यांचे गुण, नेट-सेट, पीएच.डी., छापलेले पेपर. तिथे उमेदवार पुढे काय करणार आहे हे कागदावर क्वचितच विचारलं जातं. आयआयटी, आयसर आणि परदेशी विद्यापीठं यांच्या अर्जात मात्र बायोडेटा, शिफारसपत्रं किंवा ती देणाऱ्यांची नावं, शिकवण्याबद्दलचं टिपण आणि हे रिसर्च स्टेटमेंट असा संच असतो. काही ठिकाणी तीन-चार पानं चालतात, काही ठिकाणी एकच. एक पान सोपं वाटतं. प्रत्यक्षात तेच अवघड, कारण तीन पानांत गोंधळ लपवता येतो.

पहिली चाळणी विभागातले पाच-सात जण लावतात. त्यांत भूजलावर काम करणारा फार तर एखादा असतो. बाकीच्यांत कुणी खडकांच्या रसायनाचा, कुणी जीवाश्मांचा, कुणी भूकंपलहरींचा, कुणी मॉन्सूनचा अभ्यासक. हे लोक अडाणी नसतात, पण तुमच्या विषयातली संक्षिप्त रूपं त्यांना ठाऊक नसतात. समोर अर्जांचा ढीग असतो आणि एका अर्जाला पहिल्या फेरीत काही मिनिटंच मिळतात. पेपर उघडून वाचणारा तो एखादाच, बाकीचे या पानावरून मत बनवतात. त्या मताचे प्रश्न साधारण तीन असतात. या माणसाने काय शोधलं? ते याचं स्वतःचं होतं की गाइडचं? आणि आपल्याकडे आला तर पहिली पाच वर्षं हा काय करेल, ते आपल्या जागेत आणि पैशांत जमेल का?

तिच्या पानावर या तिन्ही प्रश्नांची उत्तरं नव्हती. पहिलं वाक्य असं होतं (मूळ अर्थातच इंग्रजीत, इथे मराठी करून देतो): "भूजल ही एक मौल्यवान नैसर्गिक संपत्ती असून वाढत्या लोकसंख्येमुळे व हवामानबदलामुळे तिच्यावर प्रचंड ताण येत आहे." पुढे प्रकरण एक, प्रकरण दोन, प्रकरण तीन यांचा गोषवारा, मग चार पेपरांच्या सारांशांतली वाक्यं जशीच्या तशी, आणि शेवटच्या चार ओळींत "भविष्यात मी आयसोटोप, रिमोट सेन्सिंग आणि मशीन लर्निंग यांचा वापर करून हे काम पुढे नेणार आहे."

मला हसू आलं नाही, कारण माझा स्वतःचा पहिला कागद याहून वाईट होता. मी "पाणी म्हणजे जीवन" इथून सुरुवात केली होती. मुलाखतीच्या वेळी समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी तो कागद वर धरून विचारलं, "हे तुम्ही आमच्यासाठी लिहिलंत की शाळेच्या निबंधस्पर्धेसाठी?" ती जागा मला मिळाली नाही हे सांगायला नकोच.

आम्ही तिचा मसुदा बाजूला ठेवला आणि पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे केले. प्रत्येक पेपरसाठी एक चिठ्ठी. तीवर दोनच वाक्यं लिहायची: या कामाआधी काय माहीत नव्हतं, आणि आता काय माहीत झालं. पद्धतीचं नाव लिहायचं नाही. ही अट तिला जाचली, कारण पीएच.डी. करताना माणूस पद्धतीच्याच भाषेत विचार करायला शिकतो. "मी क्लोराइड मास बॅलन्स वापरला" हे तिच्या तोंडी चटकन येई. "त्यातून काय कळलं?" म्हटलं की ती थांबे.

चिठ्ठ्यांवर काय आलं ते समजण्यासाठी विषयाची थोडी ओळख हवी. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग लाव्हाच्या थरांनी, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. वर मुरूम, खाली भेगाळलेला खडक, त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमाच्या पोकळ्यांत आणि खडकाच्या फटींत. पावसाळ्यात किती पाणी मुरलं हे काढण्याची प्रचलित रीत सोपी आहे. विहिरीची पातळी किती चढली ते मोजायचं आणि त्याला खडकाच्या जलदेयतेने गुणायचं. जलदेयता, जिला आमच्यात स्पेसिफिक यील्ड म्हणतात, ती म्हणजे खडकाचा ठरावीक घनफळाचा तुकडा पाण्याने भरून निथळू दिला तर त्यातून शेकडा किती पाणी बाहेर येतं तो आकडा. पातळी टेपने सेंटिमीटरपर्यंत मोजता येते. जलदेयता मात्र प्रत्येक गावात कोण मोजणार? म्हणून ती तक्त्यातून घेतात. केंद्राच्या भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या निकषांत झिजलेल्या, सच्छिद्र बेसाल्टसाठी १ ते ३ टक्के अशी मर्यादा आहे आणि शिफारस २ टक्क्यांची आहे.

हा फरक किरकोळ दिसतो, पण हिशेब करून पाहा. पातळी ४ मीटर चढली, तर १ टक्क्याने ४० मिलिमीटर पाणी मुरलं आणि ३ टक्क्यांनी १२० मिलिमीटर. हजार हेक्टरांच्या गावात एक उत्तर ४ लाख घनमीटरांचं, दुसरं १२ लाखांचं. मधला ८ लाख घनमीटरांचा फरक म्हणजे दहा हजार लिटरांचे ऐंशी हजार टँकर.

आता तिच्या चिठ्ठ्या. पहिल्या पेपरात तिने एका पाणलोटातल्या विहिरींची पातळी तीन पावसाळे मोजली होती. सरासरी चढ ४.२ मीटर, जलदेयता तक्त्यातली २ टक्के, उत्तर ८४ मिलिमीटर. दुसऱ्या पेपरात त्याच पाणलोटात वेगळी पद्धत होती. पावसाच्या पाण्यात क्लोराइड अगदी थोडं असतं. जमिनीत मुरताना बरंचसं पाणी बाष्प होऊन जातं, क्लोराइड मागे राहतं, त्यामुळे विहिरीच्या पाण्यात ते जितकं दाट, तितकं मुरलेलं पाणी कमी. या पद्धतीचं उत्तर आलं ५५ मिलिमीटर. तिसऱ्या पेपरात मोठ्या व्यासाच्या विहिरी उपसून त्या किती वेगाने पुन्हा भरतात ते पाहून खडकाचे गुणधर्म काढले होते. त्यात असं दिसलं की पाणी मुरमात असताना जलदेयता जास्त येते आणि पातळी भेगाळ खडकात उतरली की ती एकदम घसरते. चौथा पेपर परदेशातल्या एका गटाबरोबरचा, गंगेच्या खोऱ्यातल्या भूजलावर उपग्रहांच्या नोंदींवरून केलेला. लेखकांत तिचं नाव पाचवं.

चारही चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. मी विचारलं, "८४ आणि ५५. एकाच गावाचे दोन आकडे. प्रबंधात याचं काय केलंस?"

ती म्हणाली, "पान एकशे सत्तेचाळीस. मर्यादा."

प्रबंध उघडून पाहिला. तिथे खरोखरच तीन ओळी होत्या: दोन पद्धतींच्या निष्कर्षांत तफावत आढळते, तिची कारणे अनेक असू शकतात, अधिक संशोधनाची गरज आहे. गाइडने किंवा परीक्षकाने अडवू नये म्हणून जी वाक्यं आपण सगळेच लिहितो, त्यांतली ही. आणि तिच्या दोनशे बारा पानांतली सगळ्यात जिवंत गोष्ट याच तीन ओळींत पुरलेली होती. ५५ मिलिमीटर भागिले ४.२ मीटर केलं तर जलदेयता येते १.३ टक्के. म्हणजे तक्त्यातल्या २ ऐवजी १.३ धरली असती तर दोन्ही पद्धतींचं एकमत झालं असतं. तिसरा पेपर नेमकं हेच सुचवत होता की जलदेयता हा एकच आकडा नाही, ती खोलीबरोबर बदलते. तीन पेपर तीन वेगवेगळ्या नियतकालिकांत, तीन वेगवेगळ्या पद्धतींचे म्हणून छापून आले होते. प्रत्यक्षात तिन्ही एकाच आकड्याभोवती घिरट्या घालत होते. एवढी वर्षं काम करून तिला हे दिसलं नव्हतं असं नाही, पण तिने ते कधी एका वाक्यात म्हटलं नव्हतं.

प्रबंधावरून रिसर्च स्टेटमेंट लिहिताना मी हल्ली सगळ्यांना शेवटून वाचायला सांगतो. आधी मर्यादांचं आणि पुढील कामाचं प्रकरण, मग निष्कर्ष, मग आकृत्या. प्रस्तावना वाचूच नये. प्रबंधाचं काम तुम्हाला विषय येतो हे सिद्ध करण्याचं असतं, म्हणून त्यात आधीच्या लोकांनी काय केलं इथून सुरुवात होते आणि जे सुटलं नाही ते शेवटी दबक्या आवाजात येतं. या पानाचं काम नेमकं उलटं आहे. जे सुटलं नाही ते हातात असणं हीच तुमची पुढच्या पाच वर्षांची शिदोरी.

मग ती लिहायला बसली. नवीन सुरुवात अशी झाली: "पावसाळ्यात विहीर किती मीटर चढली हे आपण सेंटिमीटरपर्यंत मोजतो, पण त्या प्रत्येक मीटरमागे बेसाल्टमध्ये किती पाणी साठलं हे गृहीत धरतो. या गृहीतामुळे गावाच्या पाण्याच्या हिशेबात तिपटीचा फरक पडू शकतो. तो आकडा शेतावर कसा मोजायचा आणि खोलीनुसार तो कसा बदलतो, हे मी शोधते." जीवाश्मांचा अभ्यासकसुद्धा ही तीन वाक्यं वाचून पुढे जाईल. यात लोकसंख्या नाही, हवामानबदल नाही, आणि त्यांची उणीवही भासत नाही.

जागेचा हिशेब आम्ही आधीच केला होता. ए-फोर कागद, अकरा पॉइंटांचं अक्षर, चारी बाजूंना अडीच सेंटिमीटर समास, म्हणजे इंग्रजीत साधारण साडेपाचशे शब्द. त्यातले नव्वद प्रश्नाला, दोनशे झालेल्या कामाला, दोनशे पुढच्या कामाला आणि उरलेले त्या विभागात हे काम कसं बसेल याला. पहिल्या मसुद्यात तिने झालेल्या कामाला सातशेहून जास्त शब्द दिले होते. दोनशेची मर्यादा ऐकून ती म्हणाली, "म्हणजे एका पेपरला सहासष्ट शब्द?" मी म्हटलं, पेपरला शब्द वाटून द्यायचेच नाहीत. समितीला पेपरांची यादी बायोडेटात दिसतेच. इथे तर्क चालू द्यायचा आणि ज्या वाक्याला आधार हवा त्याच्या शेवटी यादीतला क्रमांक टाकायचा.

त्यामुळे झालेल्या कामाचा परिच्छेद असा चालला: तक्त्यातला आकडा घेतला तर ८४ येतात [१], तो आकडा न वापरणाऱ्या पद्धतीने ५५ येतात [२], आणि या तफावतीचं एक कारण उपसा-चाचण्यांत दिसतं, कारण मुरमाखाली जलदेयता घसरते [३]. तीन पेपर, एक युक्तिवाद. विहिरी किती, नमुने किती, कोणतं सॉफ्टवेअर, हे सगळं गेलं. राहिले ते दोन आकडे आणि त्यांतली फट.

गंगेच्या पेपरवर मात्र थोडी झटापट झाली. तो नामांकित नियतकालिकात आला होता, चारांत सगळ्यात जास्त उद्धृत तोच होता, आणि तो वगळायचा म्हणजे तिला अंगावरचा दागिना उतरवल्यासारखं वाटत होतं. पण त्यात तिचा वाटा विहिरींच्या नोंदी स्वच्छ करण्याचा होता. तो पानावर आणला की वाचणारा पहिला प्रश्न तिथेच विचारणार, आणि उत्तर देताना तिला पाय मागे घ्यावा लागणार. शेवटी तो बायोडेटात राहिला, पानावर आला नाही. ज्या कामावर अर्धा तास उलटतपासणी झाली तर तुम्ही उभे राहू शकाल तेवढंच पानावर आणावं, असं माझं मत. याबाबतीत माझ्याशी असहमत असणारे सहकारी आहेत. ते म्हणतात एक ओळ तरी टाकावी. त्यांच्या विभागात तसं चालतही असेल.

दुसरी अडचण 'आम्ही'ची. पेपरांत "आम्ही दाखवतो" लिहायची सवय, त्यात आपल्याकडे मी-मी करणं वाईट दिसतं हा संस्कार, त्यामुळे तिच्या मसुद्यात 'मी' फक्त भविष्यकाळात होता. छाननी करणाऱ्याला यातून कळत नाही की कल्पना कुणाची होती. मी तिला प्रत्येक वाक्याला विचारायला लावलं, हे कुणी सुचवलं, कुणी केलं? क्लोराइडची पद्धत गाइडच्या प्रयोगशाळेत आधीपासून चालत होती. उपसा-चाचण्या खोलीचे टप्पे पाडून करायच्या ही कल्पना तिची. म्हणून पानावर आलं, "गाइडच्या गटात विकसित झालेली पद्धत मी या पाणलोटात वापरली," आणि पुढे, "चाचण्या खोलीनुसार विभागण्याची रचना मी केली." अशी वाटणी लिहिण्यात दुहेरी फायदा आहे. गाइडचं शिफारसपत्र त्याच समितीसमोर उघडं असतं. दोन्हीकडे एकच गोष्ट लिहिलेली दिसली की विश्वास बसतो. आणि स्वतंत्र झाल्यावर ही बाई गाइडचंच काम दुसऱ्या गावात करत बसणार का, ही शंका मिटते. माझ्या अनुभवात चांगले अर्ज बाजूला पडतात ते बऱ्याचदा याच शंकेमुळे, आणि ती सहसा मोठ्याने बोलली जात नाही.

खरी कसरत पुढच्या कामाच्या दोनशे शब्दांत झाली. आयसोटोप, रिमोट सेन्सिंग, मशीन लर्निंग ही साधनांची यादी होती. बाजारात जाऊन काय आणणार हे सांगितलं, स्वयंपाक काय करणार ते सांगितलंच नाही. मी विचारलं, "रुजू झालीस, हातात सुरुवातीचं अनुदान आहे, एक पीएच.डी.चा विद्यार्थी आहे. पहिल्या उन्हाळ्यात काय करशील?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, उन्हाळ्यात पाऊस नसतो, ओढे आटलेले असतात. एखाद्या लहानशा, कडेने बंदिस्त पाणलोटात शेतकऱ्यांनी किती पाणी उपसलं हे मोजलं आणि त्याच काळात पातळी किती उतरली हे मोजलं, तर उपसलेलं पाणी भागिले रिकाम्या झालेल्या खडकाचं घनफळ, ही झाली जलदेयता. आणि पातळी आठवड्यागणिक खाली जाते, म्हणून हा भागाकार प्रत्येक खोलीसाठी वेगळा करता येईल. बारा विहिरींत दाबमापक लॉगर सोडायचे, दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यायची, पंपांच्या वीजवापरावरून उपसा काढायचा. तक्त्यातल्या एका आकड्याच्या जागी खोलीनुसार उतरत जाणारी एक रेष मिळेल.

कोरड्या हंगामातला हा ताळेबंद मुळात नवा नाही, भूजलाचा हिशेब करणाऱ्यांना तो ठाऊक आहे. नवं होतं ते खोलीनुसार त्याचे तुकडे पाडणं. मी तिला तेवढंच नवं म्हणून लिहायला सांगितलं. जाणकार सदस्य एखादाच असतो हे खरं, पण तो असतो.

हा झाला पहिल्या तीन वर्षांचा प्रकल्प: काय मोजणार, कशाने, किती जागी, आणि हाती काय येणार. त्यानंतर दोन ओळींत दुसरा टप्पा: ही रेष मुरूम आणि खडक यांच्या जाडीशी जोडायची, म्हणजे जिथे लॉगर नाहीत पण विहिरी खणतानाच्या नोंदी आहेत अशा गावांतही ती वापरता येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी तिथे कामी येतील. दहा वर्षांचं स्वप्न एकाच वाक्यात. अंतर वाढेल तसे शब्द कमी, कारण दूरचं जितकं तपशीलात लिहावं तितकं ते बनावट वाटतं.

एक वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं आणि ते तिला मुळीच नको होतं. हा डोलारा फसू कुठे शकतो? क्लोराइडचा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा क्लोराइड फक्त पावसातून येतं. शेतात म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं की ते पोटॅशियम क्लोराइडच असतं. खताचं क्लोराइड विहिरीत उतरलं तर पाणी कमी मुरल्याचा भास होतो, आणि मग ५५ हा आकडाच खोटा पडतो. तफावत खडकामुळे नसून खतामुळे आहे असं निघू शकतं. तिला हे माहीत होतं, म्हणून तिने नमुने जमेल तितके शेतांच्या वरच्या अंगाच्या विहिरींतून घेतले होते. पण कागदावर स्वतःच्या कामाची फट दाखवायची तिची तयारी नव्हती. "सर, त्यांना आयतं कोलीत मिळेल." मी म्हटलं, समितीत खडकांचं रसायन जाणणारा कुणीतरी बसलेला असतो, त्याला ते कोलीत तू दिलंस काय आणि न दिलंस काय. शेवटी पानावर आलं: "खतातल्या क्लोराइडमुळे हा फरक अंशतः फुगलेला असू शकतो, उन्हाळी उपशाची मोजणी क्लोराइडवर अवलंबून नसल्याने ती याचा निवाडा करेल." मर्यादाच पुढच्या प्रकल्पाचं कारण झाली. सबंध पानात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हेच.

शेवटच्या पन्नास शब्दांत विभागाबद्दल लिहायचं असतं. इथे लोक "आपल्या नामवंत संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन" असं लिहितात. ते कुणी वाचत नाही. तिने विभागाच्या माहितीत पाहिलं की तिथे भूभौतिकीचा एक गट जमिनीत विद्युतप्रवाह सोडून थरांची जाडी काढतो. मुरमाची जाडी तिला हवीच होती. तेवढंच लिहिलं, आणि स्वतः कोणती उपकरणं मागणार तेही. पुढच्या संस्थेसाठी अर्ज करताना हाच परिच्छेद बदलायचा असतो. न बदलता पाठवला तर काय होतं याचा नमुना मी पाहिला आहे: एका चांगल्या उमेदवाराच्या पानावर शेवटी दुसऱ्याच शहरातल्या संस्थेचं नाव होतं. समितीत हशा पिकला आणि अर्ज ढिगाच्या खाली गेला. अन्याय म्हणा हवं तर.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. परीक्षणाखाली असलेला पेपर तसाच सांगावा, 'तयारीत' असलेला सांगूच नये. आकृती हवी असेल तर एकच, आणि अक्षरं वाचता येतील एवढी. तिने ८४ आणि ५५ चे दोन स्तंभ काढले होते, ते मी काढायला लावले, कारण दोन आकडे दाखवायला चित्र कशाला? मजकूर भरगच्च झाला की समास खायचा मोह होतो, तेव्हा एक वाक्य खावं.

पाचव्या मसुद्यानंतर आम्ही तो कागद माझ्या शेजारच्या बाईंना दिला. त्या वनस्पतिशास्त्र शिकवत, आता निवृत्त आहेत. दोन मिनिटं वाचू दिलं, कागद काढून घेतला आणि विचारलं, ही मुलगी काय शोधते आहे? त्या म्हणाल्या, "विहिरीचं पाणी चढलं तरी दगडात नेमकं किती शिरलं ते कळत नाही, आणि खाली खाली ते कमी होत जातं, ते मोजणार आहे." काय करणार आहे? "उन्हाळ्यात पंप चालू असताना मोजणार." तिने स्वतः काय केलं? इथे त्या अडखळल्या. "ते क्लोराइडचं तिने काढलं ना?" म्हणजे 'मी' आणि 'गाइड' यांची वाटणी अजून नीट उमटली नव्हती. तेवढी दोन वाक्यं पुन्हा लिहिली. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्याइतकी निर्दय दुसरी नाही; फक्त ती आपल्याच विषयातल्या मित्रावर करू नये, तो गाळलेल्या जागा मनातल्या मनात भरून टाकतो.

सहावा मसुदा पाचशे बत्तीस शब्दांचा झाला. खाली दोन बोटं जागा उरली. "इथे गंगेचा पेपर..." एवढं म्हणून ती स्वतःच हसली.

मार्चमध्ये तिला सेमिनारसाठी बोलावणं आलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा ती स्टेशनवर होती. व्याख्यान बरं झालं म्हणाली. मी विचारलं, खताचं कुणी काढलं का? "पहिलाच प्रश्न तो, सर. रसायनवाल्या सरांनी पान हातात धरूनच विचारला. उत्तर तयार होतं, स्लाइडही होती. पण मग त्यांनी पुढचं विचारलं, की तुमच्या पाणलोटात पोटॅश वापरायला सुरुवात कधीपासून झाली? ते मला माहीतच नव्हतं." गाडीची घोषणा सुरू झाली होती. पुढच्या आठवड्यात गावी जाऊन सोसायटीच्या खतविक्रीच्या जुन्या वह्या मिळतात का बघते, असं काहीसं ती त्या गोंगाटात म्हणाली आणि फोन कट झाला.